हळद मिलमधली घट: नॉर्मल लॉस मालावर, ॲबनॉर्मल लॉस नफा-तोट्यावर

पॉलिशच्या ड्रममध्ये १०,००० किलो हळकुंडं गेली आणि बाहेर ९,००० किलो आली. मधल्या १,००० किलोंचे पैसे तुम्ही कधीच देऊन बसला आहात. प्रश्न एवढाच, की वहीत ते कुणाच्या माथी मारायचे? उरलेल्या ९,००० किलोंवर सगळे चढवायचे, की त्यातले काही थेट तोटा म्हणून बाजूला काढायचे? प्रोसेस कॉस्टिंगमधली नॉर्मल लॉस आणि ॲबनॉर्मल लॉस ही विभागणी याच प्रश्नासाठी आहे.

नियम एका वाक्यात सांगता येतो. जी घट काम नीट केलं तरी होणारच, तिचा खर्च चांगल्या मालावर पडतो. जी घट व्हायला नको होती, तिची किंमत चांगल्या मालाइतकीच धरायची आणि ती प्रक्रियेतून उचलून कॉस्टिंग नफा-तोटा खात्यात टाकायची. परीक्षेत हे वाक्य सगळे लिहितात. आकडे समोर आले की मात्र तीन-चार ठिकाणी हमखास गडबड होते. म्हणून इथे एकच मिल घेऊ आणि तिच्या दोन प्रक्रिया, पॉलिश आणि दळण, शेवटपर्यंत नेऊ. मिल सांगलीकडची समजा. भाव आणि टक्के उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण कामाची रीत खरीच आहे.

आधी टक्का ठरवा, आणि तो माल पडण्यापूर्वी ठरवा

पॉलिशमध्ये हळकुंडं फिरत्या ड्रममध्ये एकमेकांवर आणि जाळीवर घासली जातात. वरची खरबरीत साल, मुळांचे अवशेष आणि माती निघून जाते. ही घट टाळता येत नाही, टाळायचीही नसते, कारण तीच तर प्रक्रिया आहे. आपण इथे नॉर्मल लॉस आत गेलेल्या मालाच्या ८ टक्के धरू.

हा ८ टक्के आला कुठून, हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि पुस्तकात तो 'दिलेला' असतो म्हणून कुणी विचारत नाही. बऱ्याच मिलमध्ये गेल्या वर्षीची एकूण घट काढतात, तिला एकूण मालाने भागतात आणि तोच टक्का पुढे चालवतात. पण त्या वर्षात ड्रमची जाळी फाटून गेलेला माल होता, चुकीच्या वजनाची पोती होती, पावसात भिजलेला लॉटही होता. ते सगळं सरासरीत मिसळलं की मागच्या वर्षीचा निष्काळजीपणा यंदा 'नॉर्मल' होऊन बसतो. मग ॲबनॉर्मल लॉस कधी दिसतच नाही आणि मालक म्हणतो, आमच्याकडे घट वाजवी आहे.

त्यापेक्षा चाचणी लॉट घ्या. यंत्र ठीक असताना, अनुभवी माणूस ड्रमवर असताना, ठरलेला वेळ ड्रम फिरवून आत किती गेलं आणि बाहेर किती आलं हे मोजा. असे काही लॉट झाले की टक्का हाती येतो. मालाच्या जातीप्रमाणे आणि अवस्थेप्रमाणे तो वेगळा ठेवा. शेतावर एकदा चांगलं पॉलिश होऊन आलेल्या हळकुंडांची घट कमी असते. साल तशीच असलेल्या मालाची जास्त. गड्ड्यांची हळकुंडांसारखी नसते. गिऱ्हाइकाला चकचकीत डबल पॉलिश हवं असेल, तर जास्तीची घट त्या ऑर्डरची नॉर्मल घट आहे. तिला ॲबनॉर्मल म्हणून ड्रमवाल्याला बोलणं अन्यायाचं होईल.

टक्का कशावर धरला तेही लिहून ठेवा. आत गेलेल्या १०,००० किलोवर ८ टक्के म्हणजे ८०० किलो. तोच ८ टक्के कुणी बाहेर आलेल्या मालावर लावला, तर ९,००० वर ७२० किलो होतात, आणि ८० किलोंचा फरक उगाच ॲबनॉर्मल ठरतो. सर्वसाधारण रीत आत गेलेल्या मालावर धरण्याची आहे.

दळणात टक्का ठरवायला आणखी एक भक्कम आधार मिळतो, तो ओलाव्याचा. दळताना यंत्र तापतं आणि माल वाळतो. ९,००० किलो हळकुंडांत ११ टक्के ओलावा असेल, तर कोरडा भाग ८९ टक्के, म्हणजे ८,०१० किलो. पावडरीत ओलावा ९.५ टक्के राहिला, तर हाच कोरडा भाग पावडरीच्या ९०.५ टक्के असणार. ८,०१० ला ०.९०५ ने भागलं की ८,८५१ किलो येतात. म्हणजे एक कणही न सांडता सुमारे १४९ किलो, १.६६ टक्के, नुसते वाफ होऊन गेले. त्यावर थोडी उडणारी पूड धरली की २ टक्के नॉर्मल लॉस म्हणायला हरकत नाही. आता कुणी 'दळणात पाच टक्के घट होतेच' असं सांगू लागला, तर त्याला उरलेले तीन टक्के कुठे गेले हे विचारता येतं.

घट वजा करून काढू नका, तोलून काढा

आत १०,०००, बाहेर ९,०००, म्हणून घट १,०००. हे गणित बरोबर आहे आणि तरी अपुरं आहे. पॉलिशमधून निघालेला कोंडा पोत्यांत भरून तोलला, तर तो जवळपास १,००० किलो भरला पाहिजे. थोडी धूळ उडते, ती सोडा. कोंडा ८५० किलोच निघाला, तर दीडशे किलो घासले गेलेच नाहीत. ते आधी आलेच नव्हते, किंवा नंतर कुठेतरी गेले. एक तर आवकेचा काटा चुकीचा आहे, नाहीतर पोती दाराबाहेर पडली आहेत. खात्यात दोन्हीचा हिशेब ॲबनॉर्मल लॉस म्हणूनच होईल, पण उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून कोंड्याचं वजन लॉटच्या कार्डावर लिहायची सवय लावा.

आपल्या उदाहरणात कोंडा पूर्ण १,००० किलो भरला. म्हणजे माल गेला तो ड्रममध्येच. चौकशीत कळलं की पाळी बदलताना ड्रम बंद करायचा राहिला आणि माल ठरलेल्या वेळेपेक्षा बराच जास्त फिरला. सालीबरोबर चांगला गरही घासला गेला. नॉर्मल ८०० किलो, आणि वरचे २०० किलो या प्रकाराचे.

दर काढायचा तो नॉर्मल उत्पादनावर

पॉलिश प्रक्रियेचा खर्च असा आहे. हळकुंडं १०,००० किलो, दर ₹१२०, म्हणजे ₹१२,००,०००. मजुरी ₹२२,०००, वीज ₹१४,०००, कारखान्याचे इतर खर्च ₹१०,०००. एकूण ₹१२,४६,०००. कोंडा ₹५ किलोने विकला जातो.

आता सूत्र:

किलोचा दर = (एकूण खर्च − नॉर्मल लॉसमधून मिळणारी रक्कम) ÷ (आत गेलेला माल − नॉर्मल लॉसचे किलो)

नॉर्मल लॉस ८०० किलो, त्याचे ₹५ प्रमाणे ₹४,०००. खर्चातून ते वजा केले की ₹१२,४२,००० उरतात. खाली १०,००० मधून ८०० गेले की ९,२०० किलो. भागाकार ₹१३५ किलो.

दोन चुका नेमक्या इथेच होतात. पहिली म्हणजे कोंड्याची सगळी रक्कम, १,००० किलोंचे ₹५,०००, वजा करणं. तसं करायचं नाही. वरच्या २०० किलोंचे ₹१,००० ॲबनॉर्मल लॉसचे आहेत. त्यांनी प्रक्रियेचा खर्च कमी करायचा नसतो. दुसरी चूक जास्त महागात पडते. खाली ९,२०० ऐवजी प्रत्यक्ष आलेले ९,००० किलो घेणं. प्रत्यक्ष उत्पादन घेतलं की ॲबनॉर्मल लॉसचा सगळा खर्च चांगल्या मालात मुरतो आणि वेगळा काढायला काही उरतच नाही. दर काढताना 'सगळं नीट झालं असतं तर किती माल आला असता' एवढाच आकडा चालतो.

मग ॲबनॉर्मल लॉसचे २०० किलो ₹१३५ नेच का मोजायचे? कोंडा तर पाच रुपयांचा आहे. कारण हा कोंडा व्हायला नको होता. हे २०० किलो चांगली पॉलिश हळद म्हणून बाहेर यायचे होते, आणि तोपर्यंत त्यांच्यावर कच्चा माल, मजुरी, वीज सगळं चांगल्या मालाइतकंच खर्च झालं होतं. नॉर्मल लॉसच्या ८०० किलोंना अशी स्वतःची किंमत नाही. त्यांच्या नावे फक्त विक्रीचे ₹४,००० दिसतील, आणि त्यांचा बाकीचा खर्च आपोआप १२० वरून १३५ वर गेलेल्या दरात उतरला आहे.

पॉलिश प्रक्रिया खातं

| नावे | किलो | ₹ | जमा | किलो | ₹ |
|---|---|---|---|---|---|
| हळकुंडं | १०,००० | १२,००,००० | नॉर्मल लॉस | ८०० | ४,००० |
| मजुरी | | २२,००० | ॲबनॉर्मल लॉस (₹१३५) | २०० | २७,००० |
| वीज | | १४,००० | दळण प्रक्रियेकडे (₹१३५) | ९,००० | १२,१५,००० |
| इतर खर्च | | १०,००० | | | |
| एकूण | १०,००० | १२,४६,००० | एकूण | १०,००० | १२,४६,००० |

किलोचा रकाना दोन्हीकडे जुळला पाहिजे आणि रुपयांचाही. रुपये जुळले आणि किलो जुळले नाहीत, तर कुठेतरी रक्कम ठोकून बसवली आहे असं समजा.

आता पुढच्या नोंदी. प्रक्रिया खात्यातून नॉर्मल लॉस खात्याला ₹४,००० नावे, ॲबनॉर्मल लॉस खात्याला ₹२७,००० नावे. कोंडा विकून बँकेत ₹५,००० आले. त्यातले ₹४,००० नॉर्मल लॉस खात्याला जमा करा, ते खातं तिथेच मिटतं. उरलेले ₹१,००० ॲबनॉर्मल लॉस खात्याला जमा करा. त्या खात्यात नावे २७,००० आणि जमा १,००० झाले. बाकी ₹२६,००० कॉस्टिंग नफा-तोटा खात्यात जाईल. कोंड्याच्या विक्रीवर जीएसटी लागत असेल, तर तो यात धरू नका. इथे फक्त कराशिवायची रक्कम येते.

वेगळं न काढल्यास काय होतं

एका मिलमालकाने मला विचारलं होतं, "घट ती घट. पैसे माझ्याच खिशातून गेले ना? मग या खात्यात टाका नाहीतर त्या, फरक काय पडणार?"

फरक दरात पडतो. ₹१२,४६,००० मधून कोंड्याचे सगळे ₹५,००० वजा करून ₹१२,४१,००० ला ९,००० ने भागलं, तर दर येतो ₹१३७.८९. खऱ्या दरापेक्षा ₹२.८९ जास्त. पुढच्या ऑर्डरचा भाव सांगताना हाच दर धरला, तर पाळी बदलताना झालेली चूक तुम्ही गिऱ्हाइकाला विकायला निघाला आहात. शेजारची मिल तुमच्यापेक्षा अडीच रुपयांनी स्वस्त देईल आणि ऑर्डर जाईल. पुढच्या महिन्यात ड्रम वेळेवर बंद झाला, की दर खाली येईल आणि कुणालाच कळणार नाही की का आला.

आणि दुसरं म्हणजे, ₹२६,००० हा आकडा एका ओळीत समोर आला की मालक ड्रमला टायमर बसवण्याचा खर्च कागदावर मांडून बघतो. तीच रक्कम ९,००० किलोंवर पसरली की कुणाच्याच लक्षात येत नाही.

दळण: आधीच्या प्रक्रियेचा खर्च बरोबर येतो

दळण प्रक्रियेत ९,००० किलो ₹१२,१५,००० ला आले. इथली मजुरी ₹२६,०००, वीज ₹२७,९००, इतर खर्च ₹१०,०००. एकूण ₹१२,७८,९००. नॉर्मल लॉस २ टक्के, १८० किलो. यातली बहुतेक घट वाफेची आहे आणि वाफ विकता येत नाही, म्हणून विक्रीची रक्कम शून्य. दर काढला तर ₹१२,७८,९०० ÷ ८,८२० = ₹१४५.

नॉर्मल लॉसची रक्कम शून्य असली तरी खात्यात १८० किलोंची ओळ घालायचीच. ती गाळली की किलोचा रकाना जुळत नाही, आणि मग लोक तो जुळवायला ॲबनॉर्मल लॉसचे किलो वाढवतात.

पावडर भरली ८,७०० किलो. म्हणजे १२० किलो जास्तीचे गेले. धूळ गोळा करणाऱ्या यंत्राची एक कापडी पिशवी फाटली होती, आणि दिवसभर पिवळी पूड शेडच्या पत्र्यावर आणि गटारात गेली. झाडून काढलेली पूड खाण्याच्या मालात परत घालता येत नाही, म्हणून तिची किंमतही शून्य.

| नावे | किलो | ₹ | जमा | किलो | ₹ |
|---|---|---|---|---|---|
| पॉलिश प्रक्रियेकडून | ९,००० | १२,१५,००० | नॉर्मल लॉस | १८० | ० |
| मजुरी | | २६,००० | ॲबनॉर्मल लॉस (₹१४५) | १२० | १७,४०० |
| वीज | | २७,९०० | तयार पावडर (₹१४५) | ८,७०० | १२,६१,५०० |
| इतर खर्च | | १०,००० | | | |
| एकूण | ९,००० | १२,७८,९०० | एकूण | ९,००० | १२,७८,९०० |

हे १२० किलो ₹१४५ ने मोजले, १३५ ने नाही, आणि १२० ने तर नाहीच. एक किलो पूड दळणात वाया गेली तर तिच्याबरोबर हळकुंडाची खरेदी, पॉलिशची मजुरी, पॉलिशमधली नॉर्मल घट आणि दळणाची वीज, एवढं सगळं वाया गेलेलं असतं. प्रक्रिया जितकी पुढची, तितकी तिथली घट महाग. निरीक्षणाचा माणूस एकच परवडत असेल, तर त्याला शेवटच्या टप्प्यावर उभा करा असं म्हणतात ते याचसाठी. पूर्ण ₹१७,४०० कॉस्टिंग नफा-तोटा खात्यात जातील.

घट कमी झाली तर

पुढच्या महिन्यात पुन्हा १०,००० किलो पॉलिशला गेले. खर्च आणि भाव तेच, पण या वेळी ९,३०० किलो बाहेर आले. अपेक्षेपेक्षा १०० किलो जास्त. याला ॲबनॉर्मल गेन म्हणतात, आणि त्याची किंमत त्याच दराने, १०० × १३५ = ₹१३,५००. प्रक्रिया खात्यात हे नावे बाजूला येतात आणि समोर ९,३०० किलो ₹१३५ ने दळणाकडे जातात. म्हणजे चांगलं काम झालं म्हणून दर खाली उतरत नाही. खराब कामाने तो वर चढू दिला नव्हता, तोच न्याय इथे.

गोंधळ होतो तो यानंतर. प्रक्रिया खात्याने नॉर्मल लॉस ८०० किलोच धरला आहे आणि नॉर्मल लॉस खात्याला ₹४,००० नावे टाकले आहेत. कोंडा मात्र ७०० किलोच निघाला, त्याचे ₹३,५०० आले. नॉर्मल लॉस खात्यात ₹५०० ची बाकी लटकत राहते. ती ॲबनॉर्मल गेन खात्याला नावे टाकून मिटवायची. १०० किलो कोंडा न होता हळद झाले, तर कोंड्याचे ₹५०० बुडाले हे फायद्यातून कापणं सरळच आहे. उरतात ₹१३,०००, ते कॉस्टिंग नफा-तोटा खात्याला जमा.

गेन दिसला की लगेच शाबासकी देऊ नका, आधी माल हातात घेऊन बघा. पॉलिशमधला गेन बऱ्याचदा ड्रम लवकर थांबवल्यामुळे येतो, आणि साल राहिलेला माल तीन आठवड्यांनी गिऱ्हाईक परत पाठवतं. दळणात गेन आला तर पावडरीचा ओलावा तपासा. वर केलेलं कोरड्या भागाचं गणित इथे उपयोगी पडतं. ८,०१० किलो कोरड्या मालातून ९.५ टक्के ओलाव्याची पावडर ८,८५१ किलोंपेक्षा जास्त निघूच शकत नाही. कुणी ८,९५० किलो दाखवत असेल तर पावडर ओली आहे, नाहीतर तिच्यात काहीतरी मिसळलं आहे. आणि हे दोन्ही नसेल तर तुमचा काटा खोटा बोलतोय. सलग महिने गेनच येत असेल, तर बहुधा नॉर्मल टक्काच ढिला ठरवलेला असतो.

माल अर्ध्यावर बिघडला तर

आतापर्यंत आपण धरलं की वाया गेलेल्या मालावर प्रक्रियेचं पूर्ण काम झालं होतं. समजा पहिल्या महिन्यातले ते २०० किलो पॉलिश निम्मं झालेलं असतानाच बाद झाले. मग त्यांच्यावर पूर्ण मजुरी लादणं चुकीचं. अशा वेळी समतुल्य एकक काढतात. कच्चा माल सुरुवातीलाच घातला, म्हणून मालाच्या बाबतीत २०० किलो पूर्ण. मजुरी-विजेच्या बाबतीत निम्मे, म्हणजे १०० किलो.

मालाचा खर्च ₹१२,००,००० वजा नॉर्मल कोंड्याचे ₹४,०००, म्हणजे ₹११,९६,०००. भागिले ९,२००, किलोला ₹१३०. मजुरी, वीज, इतर मिळून ₹४६,००० भागिले ९,१०० (चांगले ९,००० आणि हे १००), किलोला सुमारे ₹५.०५५. ॲबनॉर्मल लॉस = २०० × १३० + १०० × ५.०५५ = सुमारे ₹२६,५०५.

आधी २७,००० आले होते. एवढ्या खटाटोपाने पाचशे रुपयांचा फरक पडला, कारण हळदीत खर्च जवळजवळ सगळा मालाचा आहे. माझं मत विचाराल तर हळद मिलने यात वेळ घालवू नये. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसची गोष्ट वेगळी. तिथे कापड गिऱ्हाइकाचं असतं आणि मिलचा सगळा खर्च रंग, रसायनं, वाफ आणि मजुरीचा. तागा कुठल्या टप्प्यावर बिघडला यावर तोट्याचा आकडा कितीतरी बदलतो. तिथे समतुल्य एककं टाळून चालणार नाही.

हळकुंडांची पोती गोदामात असतानाच गळक्या पत्र्याखाली भिजून कुजली, तर ती प्रक्रियेची घटच नाही. ती स्टोअरमधली ॲबनॉर्मल घट, खरेदीच्या दराने, आणि तिने पॉलिश खात्यात पाऊलच ठेवायचं नाही.

३१ मार्चला

वर्षअखेरीला या विभागणीला कायद्याचंही वजन येतं. शिलकी मालाच्या मूल्यांकनाचं लेखा मानक, जुनं एएस २ असो की इंड एएस २, वाया गेलेल्या मालाची, मजुरीची किंवा इतर उत्पादन खर्चाची ॲबनॉर्मल रक्कम शिलकी मालाच्या किमतीत धरू देत नाही. ती त्या त्या वर्षाचा खर्च म्हणूनच दाखवायची.

आपल्या पहिल्या महिन्याच्या लॉटवर बघा. पॉलिशचे ₹२६,००० आणि दळणाचे ₹१७,४०० मिळून ₹४३,४०० ॲबनॉर्मल तोटा. हे वेगळं काढलं नसतं, तर ८,७०० किलो पावडर ₹१४५ ऐवजी जवळपास ₹१५० ने बसली असती. त्यातली निम्मी, ४,३५० किलो, ३१ मार्चला गोदामात पडून असेल, तर ₹२१,७०० चा तोटा शिलकी मालाच्या किमतीत लपून पुढच्या वर्षात जातो आणि यंदाचा नफा तेवढ्याने फुगतो. लेखापरीक्षक प्रक्रिया खाती मागतात ते हे शोधायलाच. अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये उत्पादनाची नोंद करताना प्रत्यक्ष वापरलेला सगळा माल तयार मालावर टाकला जात असेल, तर हा प्रकार दर लॉटला आपोआप घडत असतो. त्या नोंदीत नॉर्मल प्रमाणाइतकाच माल धरा आणि जास्तीची घट वेगळ्या नोंदीने ॲबनॉर्मल लॉसमध्ये न्या.

विम्याचा दावा मिळणार असेल, उदाहरणार्थ आगीत माल गेला, तर मंजूर झालेली रक्कम ॲबनॉर्मल लॉस खात्याला जमा करा आणि उरलेलीच बाकी नफा-तोट्याला न्या. दावा नुसता दाखल केला म्हणून ती रक्कम वजा करू नका. तोपर्यंत पूर्ण तोटा दाखवलेला बरा.

जीएसटीत घटीचा प्रश्न इनपुट क्रेडिटपाशी येतो. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा वहीतून काढून टाकलेल्या मालावरचं क्रेडिट मिळत नाही अशी तरतूद आहे. तिच्या आधारे कारखान्यातल्या घटीवरही क्रेडिट परत मागण्याच्या नोटिसा निघाल्या. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एआरएस स्टील्सच्या प्रकरणात सांगितलं, की उत्पादन प्रक्रियेतच अंगभूत असलेल्या घटीला हे कलम लागू होत नाही. म्हणजे तुमचे पॉलिशचे ८०० किलो आणि दळणाचे १८० किलो याच बाजूचे आहेत. गटारात गेलेल्या १२० किलोंबद्दल तेवढ्या ठामपणे बोलता येणार नाही. त्यांच्या क्रेडिटचं काय करायचं हे नोंद करण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारून घ्या.

आणि नॉर्मल घट खरंच नॉर्मल आहे हे अधिकाऱ्यापुढे दाखवायचं झालं, तर लागणार चाचणी लॉटची कार्डंच: तारीख, मालाची जात, आत किती, बाहेर किती, कोंडा किती, ओलावा किती, ड्रम किती वेळ फिरला आणि कुणाची सही. वर्षाच्या शेवटी आठवून भरलेली कार्डं एकाच पेनाने, एकाच अक्षरात असतात आणि ती लगेच ओळखू येतात. म्हणून लॉट ड्रममधून उतरला की तिथेच, काट्याशेजारी उभं राहून ती भरायची.